एकाच आठवड्यात संपणारे दोन रोखे: कूपन दर, करंट यील्ड आणि वायटीएम

भारत सरकारचे दोन कर्जरोखे आहेत. एकाचं नाव '८.९७% जीएस २०३०', दुसऱ्याचं '५.८५% जीएस २०३०'. पहिल्याची मुदत ५ डिसेंबर २०३० ला संपते, दुसऱ्याची १ डिसेंबर २०३० ला. कर्जदार एकच, म्हणजे केंद्र सरकार. पैसे परत मिळण्याची खात्री सारखीच. मुदतीत फरक फक्त चार दिवसांचा. तरीही एकावर वर्षाला ८.९७ टक्के व्याज आणि दुसऱ्यावर ५.८५.

हे वाचून बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, मग ५.८५ टक्केवाला रोखा कोण कशाला घेईल? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं की कूपन दर, करंट यील्ड आणि वायटीएम हे तीन आकडे वेगळे का आणि कुणाकडे कशासाठी बघायचं, हे सगळं आपोआप सुटतं. म्हणून हा लेख या दोन रोख्यांच्या पलीकडे फारसा जाणार नाही.

आधी कूपन दर. रोख्याच्या नावातला टक्का म्हणजेच कूपन दर. तो दर्शनी किमतीवर, म्हणजे मुदतीअंती सरकार जी मुद्दल परत करणार तिच्यावर मोजायचा असतो, बाजारातल्या किमतीवर नाही. १०,००० रुपये दर्शनी किमतीचा ८.९७ टक्क्यांचा रोखा वर्षाला ८९७ रुपये देतो. केंद्र सरकारच्या या रोख्यांवर व्याज सहामाही मिळतं, म्हणजे ५ जूनला ४४८.५० आणि ५ डिसेंबरला ४४८.५०. ५.८५ टक्केवाला दर सहामाहीला २९२.५० रुपये देतो. बाजारात काहीही होवो, रिझर्व्ह बँक दर वाढवो की कमी करो, हे हप्ते बदलत नाहीत.

मग हा दर ठरतो कधी? रोखा पहिल्यांदा विकला जातो तेव्हा. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने लिलाव करते. नवा रोखा असेल तर बँका, विमा कंपन्या वगैरे 'आम्हाला इतका टक्का हवा' अशी बोली लावतात आणि ज्या टक्क्यावर लिलाव तुटतो तोच त्या रोख्याचा कूपन दर होतो. ८.९७ टक्के हा दर २०११ च्या अखेरीचा आहे. महागाई चढलेली होती आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ८.५० टक्के होता. ५.८५ टक्के हा २०२० च्या अखेरीचा. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणून ठेवला होता. थोडक्यात, कूपन दर तुम्हाला त्या रोख्याच्या जन्मवेळचा व्याजाचा बाजार सांगतो. आज तुम्ही पैसे गुंतवले तर तुम्हाला किती मिळेल, हे तो सांगत नाही. सांगूच शकत नाही, कारण त्यात आजची किंमत कुठे आलेलीच नाही.

आणि किंमत बदलते. हे रोखे बाजारात खरेदी-विक्रीला असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' सुरू केल्यापासून तुम्हीआम्हीही थेट खातं उघडून १०,००० रुपये दर्शनी किमतीपासून ते घेऊ शकतो. आता समजा, ५ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे बरोबर पाच वर्षं शिल्लक असताना, अशा मुदतीच्या सरकारी कर्जावर बाजार ६.५० टक्के मागतो आहे. हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे. चार दिवसांचा फरकही सोडून देऊ.

बाजाराला ६.५० टक्के पुरेसे वाटत असताना ८.९७ टक्के देणारा रोखा कुणी दर १०० रुपये दर्शनी किमतीमागे १०० रुपयांनाच विकणार नाही. तो विकणारा जास्त मागेल आणि घेणारे एकमेकांवर चढाओढ करत भाव वर नेतील. कुठपर्यंत? जिथे घेणाऱ्याला पुढच्या सगळ्या हप्त्यांसकट नेमके ६.५० टक्केच सुटतात, तिथपर्यंत. गणित केलं तर तो भाव दर १०० रुपयांना ११०.४० येतो. उलट ५.८५ टक्के देणारा रोखा १०० ला कुणी घेणार नाही. त्याचा भाव उतरत ९७.२६ वर थांबतो. म्हणजे १०,००० रुपये दर्शनी किमतीचा पहिला रोखा तुम्हाला ११,०४० रुपयांना पडेल आणि दुसरा ९,७२६ रुपयांना. पहिला प्रीमियमवर, म्हणजे दर्शनी किमतीच्या वर, आणि दुसरा डिस्काउंटवर, म्हणजे खाली.

आता करंट यील्ड. वर्षभराचं कूपन भागिले आजची किंमत, एवढाच तो हिशेब. ८.९७ भागिले ११०.४० केलं की ८.१२ टक्के. ५.८५ भागिले ९७.२६ केलं की ६.०१ टक्के. कूपन दरापेक्षा हा आकडा बरा, कारण तुम्ही खिशातून खरोखर किती पैसे घातले याची दखल त्यात आहे. ११,०४० रुपये गुंतवून वर्षाला ८९७ रुपये हाती येणार, म्हणजे ८.१२ टक्के रोकड सुटणार. इथपर्यंत त्यात काहीच खोटं नाही.

पण करंट यील्ड आज आणि पुढचं एक वर्ष एवढंच बघतं. पाच वर्षांनी काय होणार आहे, हे त्याला माहीतच नाही. ५ डिसेंबर २०३० ला सरकार तुमच्या खात्यात शेवटच्या हप्त्यासोबत दर्शनी किंमत जमा करेल, म्हणजे १०,००० रुपये. तुम्ही घातले होते ११,०४०. १,०४० रुपये परत येणार नाहीत. दुसऱ्या रोख्यात घातले ९,७२६ आणि परत आले १०,०००, म्हणजे २७४ रुपये वरती मिळाले. ८.१२ आणि ६.०१ या आकड्यांत या दोन्हींचा मागमूस नाही. रोखे विकणारा एखादा दलाल 'करंट यील्ड आठच्या वर' असं सांगतो तेव्हा तो चुकीचा आकडा सांगत नसतो. अपुरा आकडा सांगत असतो, आणि माझ्या मते ते जास्त घातक आहे, कारण तपासून पाहिलं तरी गणित बरोबरच निघतं.

मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजे वायटीएम, ही उणीव भरून काढतो. त्याची पुस्तकी व्याख्या अशी की, ज्या व्याजदराने पुढचे सगळे हप्ते आणि शेवटची मुद्दल आजच्या मूल्यात आणली असता त्यांची बेरीज आजच्या किमतीइतकी होते, तो दर. व्याख्या अचूक आहे, पण तिने कुणाला काही समजतं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा बँकेच्या पासबुकासारखा हिशेब मांडू या.

समजा तुम्ही ११,०४० रुपये एका खात्यात ठेवले आणि ते खातं सहामाहीला ३.२५ टक्के, म्हणजे वर्षाला ६.५० टक्के व्याज देतं. पहिल्या सहा महिन्यांनी ११,०४० वर सुमारे ३५९ रुपये व्याज जमा होईल. पण तुम्ही त्या दिवशी खात्यातून काढणार आहात ४४८.५०, कारण कूपनचा हप्ता तेवढा आहे. व्याज ३५९ आणि उचल ४४८.५०. वरचे ९० रुपये कुठून आले? तुमच्याच मुद्दलातून. खात्यात उरले सुमारे १०,९५०. पुढच्या सहामाहीत या कमी झालेल्या शिलकीवर ३५६ रुपये व्याज, उचल पुन्हा ४४८.५०, म्हणजे मुद्दलातून आता सुमारे ९३ गेले. शिल्लक १०,८५८. असं दर सहामाहीला चालू राहतं. व्याज थोडं थोडं घटत जातं आणि मुद्दलातून जाणारा भाग वाढत जातो. दहाव्या आणि शेवटच्या हप्त्यात तो सुमारे १२० रुपयांवर पोहोचतो. आणि तो हप्ता उचलल्यावर खात्यात बरोबर १०,००० रुपये उरतात, जे सरकार त्या दिवशी परत करतं. हिशेब रुपयापर्यंत जुळतो.

वायटीएम म्हणजे हाच तो ६.५० टक्के. तुमची जितकी रक्कम रोख्यात प्रत्यक्ष अडकलेली आहे, तिच्यावर तुम्हाला मिळणारा दर. प्रीमियमवर घेतलेल्या रोख्याच्या प्रत्येक हप्त्यात थोडा भाग तुमच्याच पैशाचा असतो, आणि त्याला व्याजाचं नाव दिलेलं असतं. दहा हप्त्यांचे मिळून ४,४८५ रुपये आले, त्यातले १,०४० तुमचेच होते. खरी कमाई ३,४४५.

५.८५ टक्केवाल्या रोख्यात याच्या उलट घडतं. ९,७२६ रुपयांवर सहामाहीचं ३.२५ टक्के व्याज होतं सुमारे ३१६ रुपये. तुमच्या हातात येतात २९२.५०. उरलेले साडेतेवीस रुपये खात्यातच साठतात आणि शिल्लक ९,७५० होते. पुढच्या वेळी थोडे जास्त साठतात. दहाव्या हप्त्यानंतर शिल्लक बरोबर १०,००० भरते. म्हणजे इथे हप्ता लहान दिसतो, कारण कमाईचा एक तुकडा सरकार शेवटी एकरकमी देणार आहे. दोन्ही रोख्यांचं वायटीएम ६.५० टक्केच. मग ५.८५ टक्केवाला रोखा कोण कशाला घेईल, या प्रश्नाचं उत्तर असं की त्याच्या भावातच ती उणीव भरून निघाली आहे.

प्रत्यक्ष बाजारात अशा दोन रोख्यांचं वायटीएम अगदी तंतोतंत सारखं नसतं. ज्या रोख्याची उलाढाल कमी, तो विकायला अवघड, म्हणून त्यावर बाजार थोडा जास्त परतावा मागतो. पण हा फरक कूपनमधल्या तीन टक्क्यांहून जास्त फरकाच्या जवळपासही जात नाही.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. प्रीमियमवाल्या रोख्यात ८.९७, ८.१२ आणि ६.५०, म्हणजे उतरती भाजणी. डिस्काउंटवाल्यात ५.८५, ६.०१ आणि ६.५०, म्हणजे चढती. आणि रोखा बरोबर १०० रुपयांना मिळत असेल तर तिन्ही आकडे एकच. हा क्रम साध्या रोख्यात कधी मोडत नाही, म्हणून तो तपासणीसाठी फार उपयोगी आहे. कुणी तुम्हाला १०० च्या वर भाव असलेला रोखा दाखवून त्याचं वायटीएम कूपनपेक्षा जास्त सांगत असेल, तर कागदावर काहीतरी चुकलं आहे एवढं कॅल्क्युलेटर न उघडता कळतं.

वायटीएम काढायचं कसं? करंट यील्डसारखा एका भागाकारात त्याचं उत्तर मिळत नाही. दर धरून बघायचा, किंमत काढायची, जुळली नाही की दर थोडा बदलायचा, असं करत जावं लागतं. संगणक हेच करतो. पण हाताने अंदाज घ्यायला एक जुनी रीत चांगली आहे. प्रीमियम किंवा डिस्काउंटची रक्कम उरलेल्या वर्षांवर सारखी वाटायची, प्रीमियम असेल तर कूपनमधून वजा करायची, डिस्काउंट असेल तर मिळवायची, आणि खरेदीची किंमत व दर्शनी किंमत यांच्या सरासरीने भागायचं. पहिल्या रोख्यात १०.४० रुपये पाच वर्षांवर वाटले की वर्षाला २.०८. ८.९७ मधून ते वजा केले की उरले ६.८९. भागायचं १०५.२० ने. उत्तर ६.५५ टक्के. दुसऱ्या रोख्यात हीच रीत ६.४९ देते. खरं उत्तर ६.५०, त्यामुळे अंदाज म्हणून हे पुरेसं आहे. मुदत खूप लांब असेल किंवा भाव १०० पासून फार दूर असेल तर मात्र ही रीत बरीच चुकते.

एक्सेलमध्ये नेमका आकडा एका ओळीत येतो:

```
=YIELD(DATE(2025,12,5),DATE(2030,12,5),8.97%,110.40,100,2,0)
```

क्रमाने खरेदीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, कूपन, भाव, परत मिळणारी रक्कम, वर्षातले हप्ते, आणि शेवटचा ० म्हणजे महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरा. सरकारी रोख्यांचं व्याज आपल्याकडे याच पद्धतीने मोजतात.

इथे एक चूक हमखास होते. रोखा दोन हप्त्यांच्या मध्येच घेतला तर विकणाऱ्याला तोपर्यंतचं साचलेलं व्याज द्यावं लागतं. ५ मार्चला ८.९७ टक्केवाला रोखा घेतला तर मागच्या ५ डिसेंबरपासूनच्या ९० दिवसांचे, १०,००० रुपयांमागे २२४.२५ रुपये वेगळे मोजावे लागतात. जूनमध्ये पूर्ण हप्ता तुम्हालाच मिळणार असल्याने ते वसूल होतात. पण खात्यातून गेलेली एकूण रक्कम हीच किंमत समजून वरच्या सूत्रात घातली, तर वायटीएम अर्ध्या टक्क्याने कमी दिसतं. सूत्रात घालायचा तो साचलेलं व्याज सोडून असलेला भाव. बाजारात जाहीर होतो तोही हाच.

दुसरी गल्लत तुलनेत होते. सरकारी रोख्यांचं ६.५० टक्के हे सहामाहीच्या ३.२५ ला दोनने गुणून सांगितलेलं असतं. व्याजावरचं व्याज धरलं तर वर्षाचा खरा दर ६.६१ टक्के होतो. कंपन्यांच्या रोख्यांवर बऱ्याचदा असा वार्षिक दरच सांगतात. त्यामुळे एका ठिकाणी ६.५० आणि दुसऱ्या ठिकाणी ६.६१ दिसलं म्हणून दुसरा रोखा चांगला असं ठरत नाही. तो तोच परतावा असू शकतो.

वायटीएम सगळ्यांत पूर्ण आकडा असला तरी ते वचन नाही. त्यात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या मोडल्या की आकडाही मोडतो.

सगळ्यांत जास्त बोललं जातं ते हप्त्यांच्या पुनर्गुंतवणुकीबद्दल. 'वायटीएम मिळायचं तर प्रत्येक हप्ता त्याच दराने पुन्हा गुंतवावा लागतो' असं वाक्य जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धंच बरोबर आहे. वरचं पासबुक आठवा. तिथे तुम्ही हप्ता उचलून खर्च केला तरी आत उरलेल्या पैशावर ६.५० टक्केच मिळत होते. हप्ते खर्चासाठीच हवे असतील तर तुमचं काही बिघडत नाही. पण २०३० साली हातात एकूण किती पैसे असतील हे बघायचं असेल, मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम उभी करायची असेल, तर हप्त्यांचं पुढे काय होतं हे महत्त्वाचं ठरतं. सगळे हप्ते ५ टक्क्यांनीच गुंतवता आले तर ८.९७ टक्केवाल्या रोख्याचा पाच वर्षांचा एकूण परतावा ६.२६ टक्क्यांवर येतो आणि ५.८५ टक्केवाल्याचा ६.३२ वर. मोठ्या हप्त्यांचा रोखा जास्त खाली येतो, कारण त्यातले जास्त पैसे लवकर बाहेर येऊन नवी जागा शोधतात. दर चढत गेले तर याच्या उलट, मोठे हप्ते फायद्याचे.

दुसरी अट नावातच आहे: मुदतपूर्तीपर्यंत. आधी विकला तर त्या दिवशीचा बाजारभाव मिळेल. समजा ५.८५ टक्केवाला रोखा ९७.२६ ला घेतला आणि वर्षभरात बाजाराची मागणी ६.५० वरून ७.५० टक्क्यांवर गेली. चार वर्षं उरलेल्या या रोख्याचा भाव तेव्हा ९४.३९ च्या आसपास असेल. हातात ५.८५ रुपये व्याज आलं, भावात २.८७ गेले. वर्षाची कमाई जेमतेम ३ टक्के. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला या घसरणीने काही फरक पडत नाही, मध्येच पैसे लागणाऱ्याला पडतो.

तिसरी गोष्ट केंद्र सरकारच्या रोख्यात सहसा विचारात घ्यावी लागत नाही, पण कंपन्यांच्या रोख्यांत तीच सगळ्यांत मोठी असते. वायटीएमचं गणित प्रत्येक हप्ता आणि मुद्दल वेळेवर मिळणार असं धरून चालतं. २०१९ मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी हप्ते चुकवू लागली तेव्हा तिच्या रोख्यांचे भाव कोसळले. भाव कोसळला की सूत्र काय करतं? कमी किंमत आणि तेच ठरलेले हप्ते घेऊन ते प्रचंड वायटीएम काढून देतं. कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि रोखेधारकांना मोठं नुकसान सोसावं लागलं. त्या काळात पडद्यावर दिसणारं वायटीएम कुणाच्याही हाती येणारं नव्हतं. तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यापेक्षा एखादा रोखा पाच-सहा टक्के जास्त दाखवत असेल, तर बाजाराला पैसे परत मिळण्याबद्दल शंका आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

मग करंट यील्ड निरुपयोगी आहे का? नाही. दर महिन्याचा खर्च भागवायला किती रोकड येईल हे बघणाऱ्या निवृत्त माणसासाठी तो आकडा खरा आहे. रोकड खरोखरच ८.१२ टक्के येते. फक्त तिला उत्पन्न समजू नये. वरच्या हिशेबात पहिल्या वर्षी आलेल्या ८९७ रुपयांत कमाई सुमारे ७१५ आणि मुद्दल १८२. सगळेच ८९७ खर्च करणारा दर वर्षी स्वतःची पुंजी थोडी थोडी खातो आहे आणि २०३० मध्ये त्याच्या हाती ११,०४० च्या जागी १०,००० येतील. पुंजी शाबूत ठेवायची असेल तर प्रत्येक हप्त्यातला तो नव्वद ते एकशेवीस रुपयांचा भाग बाजूला काढून ठेवावा लागेल. आठ-दहा वर्षं मुदतीचे रोखे प्रीमियमवर घेतलेल्या ज्या ज्येष्ठांशी मी बोललो, त्यांतल्या बहुतेकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि शेवटी कर, जो या तिन्ही आकड्यांत कुठेच नसतो. प्राप्तिकर विभागाच्या दृष्टीने ८९७ रुपये हे संपूर्ण व्याज आहे. त्यात तुमचं मुद्दल मिसळलेलं आहे याची सर्वसामान्य गुंतवणूकदाराला सवलत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सगळ्या ८९७ वर कर, म्हणजे वर्षाला २६९ रुपये. मुदतीअंती होणारा १,०४० रुपयांचा तोटा हा भांडवली तोटा ठरतो आणि भांडवली तोटा व्याजाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो फक्त भांडवली नफ्यासमोर चालतो. तसा नफा त्या वर्षी नसेल तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण तेवढ्यातही नफा झाला नाही तर तो वाया जातो. हे धरून उपकराशिवाय हिशेब केला तर ८.९७ टक्केवाल्या रोख्याचा करानंतरचा परतावा ४ टक्क्यांच्या किंचित खाली येतो. ५.८५ टक्केवाल्याचा साडेचार टक्क्यांच्या वर राहतो, कारण त्यात दर वर्षी कर लागतो तो लहान हप्त्यावर, आणि २७४ रुपयांच्या वाढीवरचा कर थेट पाच वर्षांनी.

हा फरक भावात का भरून निघत नाही? कारण या बाजारात भाव ठरवतात त्या बँका आणि विमा कंपन्या. त्यांचा कराचा हिशेब वैयक्तिक गुंतवणूकदारासारखा नसतो, त्यामुळे दोन रोख्यांचं करापूर्वीचं वायटीएम जुळलं की त्यांना पुरतं. वरच्या टप्प्यातला कर भरणाऱ्या माणसासाठी मात्र, वायटीएम सारखं असेल तर कमी कूपनचा, डिस्काउंटवर मिळणारा रोखा साधारणपणे सरस ठरतो. ज्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे त्याला हा फरक लागू नाही. त्याने भाव बघावा, वायटीएम बघावं आणि आपल्याला दर सहामाहीला किती रोकड लागते यावरून दोघांतला एक निवडावा.